दुसऱ्याच्या मुलाला गेम भेट देताना: डब्यावरचं वयाचं लेबल कसं वाचायचं

स्वतःच्या मुलासाठी गेम घेताना चूक झाली तर ती घरातच निस्तरता येते. दुसऱ्याच्या मुलासाठी घेताना तसं नसतं. मुंजीत किंवा वाढदिवसाला सगळ्यांसमोर पाकीट उघडलं जातं, मुलगा आनंदाने उडी मारतो, आणि गेम त्याच्या वयाचा नसेल तर तो काढून घेण्याचं काम आईवडिलांच्या गळ्यात पडतं. हे टाळण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती डब्यावर छापलेली असते. ठाण्यात गोखले रोडवर घ्या किंवा वाशीत, काउंटरवरच्या पाच मिनिटांत ती वाचून होते. मात्र कुठे बघायचं आणि कशाचा काय अर्थ लावायचा हे आधी माहीत हवं.

हा लेख प्लेस्टेशनच्या डिस्कबद्दल आहे, कारण आपल्याकडे भेट म्हणून डब्यातला गेम दिला जातो तो बहुधा हाच. फोनवरच्या गेमबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी फोन, मग दुकान

मुलाच्या आईला किंवा वडिलांना तीन गोष्टी विचारा. मुलाचं नेमकं वय काय? घरात कोणतं मशीन आहे, पीएस४ की पीएस५? आणि पीएस५ असेल तर त्याला डिस्क घालायची फट आहे का? पीएस५ची डिजिटल एडिशन नावाची आवृत्ती डिस्क ड्राइव्हशिवाय येते. वेगळा ड्राइव्ह जोडलेला नसेल तर त्या घरात कोणतीच डिस्क चालणार नाही. पीएस४च्या बहुतेक डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५वर चालतात, पीएस५ची डिस्क पीएस४वर चालत नाही.

गेमचं नाव मुलाकडून काढून घ्यायला हरकत नाही, पण निर्णय त्यावर सोडू नका. मुलं शाळेतल्या मोठ्या मुलांकडून ऐकलेली नावं सांगतात.

हे लेबल नेमकं कुणाचं?

चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, तसं डब्यातल्या गेमला भारतात स्वतःचं सक्तीचं प्रमाणपत्र नाही. त्यामुळे दुकानातल्या डब्यांवर परदेशी संस्थांची लेबलं दिसतात, मुख्यतः दोन.

पहिलं युरोपचं पेगी. २००३ साली सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडच्या डब्यांवर सर्वांत जास्त दिसते. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक रंगीत चौकोन आणि त्यात मोठा आकडा: ३ आणि ७ हिरव्यात, १२ आणि १६ नारिंगीत, १८ लाल रंगात. अर्थ सरळ आहे, त्या वयापासून पुढे योग्य.

दुसरं अमेरिकेचं ईएसआरबी, १९९४ पासूनचं. ते काळंपांढरं असतं आणि त्यात आकड्याऐवजी मोठं इंग्रजी अक्षर असतं. ई म्हणजे सगळ्यांसाठी. ई-टेन-प्लस म्हणजे १० आणि पुढे. टी म्हणजे टीन, १३ आणि पुढे. एम म्हणजे मॅच्युअर, १७ आणि पुढे. केवळ प्रौढांसाठीचं ए-ओ हे लेबल दुकानाच्या फळीवर जवळजवळ दिसतच नाही.

लेबल कुणाचं यावरून डबा कोणत्या बाजारासाठी छापला आहे हेही कळतं. अमेरिकी लेबलाची डिस्क आपल्याकडच्या मशीनवर चालते. पण त्या गेमसाठी नंतर ऑनलाइन विकत घेतलेले जादा भाग डिस्कच्याच प्रदेशाचे असावे लागतात. मुलाचं खातं भारतातलं असेल तर ते जुळत नाहीत आणि घातलेले पैसे अडकतात. दोन्ही डबे समोर असतील तर पेगीचा उचला.

विक्रीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये १२, १६ किंवा १८ आकड्याचा गेम त्याहून लहान मुलाला विकणं २०१२ पासून कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे काउंटरवर तसा अडथळा नाही. तुम्ही मागाल तो डबा तुमच्या हातात येईल, म्हणून तपासणी तुमच्यावरच आहे.

आकडा काय सांगतो

आकडा आशयाबद्दल असतो, गेम किती अवघड आहे त्याबद्दल नाही. ग्रान तुरिस्मो ७ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर ३ आहे, कारण त्यात लहान मुलाला त्रास होईल असं काही दिसत नाही. पण त्यातले परवाने, ट्यूनिंग आणि इंग्रजी मजकुराने भरलेले मेनू चार वर्षांच्या मुलाला झेपणार नाहीत. ‘तीनचा आहे म्हणजे छोट्याला चालेल’ असं दुकानात कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. त्याला काही अपाय होणार नाही, पण तो खेळू शकेलच असं नाही.

पेगीच्या पायऱ्यांमधला फरक हिंसा कशी दाखवली आहे यावरून चांगला समजतो. ३ मध्ये फार तर कार्टूनसारखी गमतीची आपटाआपटी चालते. ७ मध्ये सौम्य, खरी न वाटणारी हिंसा येते आणि लहान मुलं घाबरतील अशी दृश्यं असू शकतात. १२ मध्ये काल्पनिक प्राण्यांवरची थोडी अधिक उघड हिंसा चालते, माणसासारख्या पात्रांवर मात्र तपशील न दाखवता. १६ला माणसांवरचा मार खऱ्या आयुष्यात दिसेल तसा दिसू लागतो. १८ला क्रौर्य येतं: अमानुष मारणं, कारणाशिवाय किंवा निराधार माणसांना मारणं. दहा वर्षांच्या मुलासाठी १२चा गेम घ्यावा का, यावर आईवडिलांशी बोलता येतं. १८चा घ्यावा का, हा प्रश्नच माझ्या मते विचारायचा नाही. मुलगा ‘माझे सगळे मित्र खेळतात’ म्हणाला तरी नाही.

मागची बाजू: चिन्हं आकड्याबरोबर वाचा

आता डबा उलटा करा. पेगीच्या डब्यावर मागे छोटी चौकोनी चिन्हं आणि त्यांखाली इंग्रजी शब्द असतात. मूठ म्हणजे हिंसा, कोळी म्हणजे भीती, बोलण्याच्या फुग्यातली चिन्हं म्हणजे शिवराळ भाषा, सिरिंज म्हणजे अमली पदार्थ, दारू किंवा तंबाखू, फासे म्हणजे जुगार. लैंगिक आशय आणि भेदभाव यांचीही चिन्हं आहेत. खेळता खेळता खऱ्या पैशाने खरेदी करता येत असेल तर तेही चिन्ह असतं, आणि त्याखाली ‘इन-गेम पर्चेसेस’ असे शब्द.

इथे बरेच जण फसतात. मूठ ७च्या गेमवरही असते आणि १८च्याही. चित्र तेच राहतं, तीव्रता आकडा सांगतो. ७च्या शेजारची मूठ म्हणजे लेगोच्या विटांची माणसं फुटून तुकडे उडणं. १८च्या शेजारची मूठ म्हणजे रक्तपात. म्हणून चिन्ह एकटं वाचू नका. आकडा किती हे पाहिल्यावर ‘हा आकडा कशामुळे आला?’ असं विचारा आणि त्याचं उत्तर चिन्हांत शोधा. दोन गेमवर १२ असेल, एकावर फक्त फुगा आणि दुसऱ्यावर कोळी आणि मूठ. अंधारात दिवा लावून झोपणाऱ्या मुलासाठी हे दोन गेम सारखे नाहीत.

अमेरिकी डब्यावर चित्रं नसतात, शब्द असतात, आणि त्यांत पायऱ्या असतात. ‘कार्टून व्हायलन्स’ आणि ‘फँटसी व्हायलन्स’ सौम्य. नुसतं ‘व्हायलन्स’ त्याच्या पुढचं. ‘इंटेन्स व्हायलन्स’ म्हणजे खरी वाटणारी जखम आणि मृत्यू. ‘लँग्वेज’ म्हणजे मध्यम शिव्या, ‘स्ट्राँग लँग्वेज’ म्हणजे उघड किंवा सतत. ‘ब्लड’ आणि ‘ब्लड अँड गोअर’ यांतही असंच अंतर आहे. ‘रेफरन्स’ शब्द दिसला तर त्या गोष्टीचा फक्त उल्लेख आहे, ‘यूज’ दिसला तर ती करताना दाखवली आहे. शब्दाच्या आधी ‘माइल्ड’ लागला की धार कमी होते. घाईत एक शब्द सुटला तर अर्थ उलटतो, म्हणून ही ओळ सावकाश वाचा.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

माझ्या एका मैत्रिणीच्या दिराच्या मुलाची मुंज होती. मुलगा दहा वर्षांचा, घर ऐरोलीत, मशीन डिस्क घालायची फट असलेलं पीएस५. मुलाची फर्माईश एकच, स्पायडरमॅन. मैत्रीण मला बरोबर घेऊन नौपाड्यातल्या एका दुकानात गेली. तिथे २०१८चा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ होता. पुढे नारिंगी चौकोनात १६, मागे मूठ.

मैत्रीण म्हणाली, “अगं, पण नेटवर याला तेरा लिहिलंय ना?” तिचंही बरोबर होतं. हाच गेम अमेरिकेत टी आहे, म्हणजे १३ आणि पुढे. गेम एकच, पण दोन संस्था वेगळ्या फूटपट्ट्या लावतात. यात नायक माणसांना हाताने मारतो, आणि ती माणसं माणसांसारखीच दिसतात. पेगीच्या नियमात माणसावरचा मार खरा वाटला की आकडा १६कडे सरकतो. अमेरिकेत रक्त थोडं आणि शिव्या मर्यादित असतील तर टीन लेबलात तो बसतो. म्हणून एका संस्थेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून ‘मधलं’ वय काढू नये. दोन्हीकडे कारण काय दिलंय ते वाचावं.

ते आम्ही दुकानातच वाचलं. फोनवर esrb.org उघडायचं आणि शोधाच्या चौकटीत गेमचं इंग्रजी नाव टाकायचं. रेटिंगखाली ‘रेटिंग समरी’ नावाचा परिच्छेद येतो. नेमकं काय दिसतं, काय ऐकू येतं हे त्यात साध्या वाक्यांत असतं. डब्यावरच्या दोन शब्दांपेक्षा हा परिच्छेद कितीतरी उपयोगी आहे. pegi.info वरही नावाने शोधता येतं. शोधताना पूर्ण नाव टाका. स्पायडरमॅनच्या नावाचे अनेक गेम आहेत आणि सगळ्यांचं रेटिंग सारखं नाही.

यापलीकडची एक गोष्ट मला तो गेम खेळलेला असल्यामुळे माहीत होती, आणि ती कोणत्याही लेबलावर सापडत नाही. कथेत एका सार्वजनिक समारंभावर हल्ला होतो आणि त्यात एका मुलाचे वडील जातात. शेवटी नायकाला आईसारखी असलेली काकूही जाते. दोन्ही पद्धतींत ‘शोक’ असं चिन्हच नाही. मार, शिव्या, भीती मोजली जाते, जवळच्या माणसाचं मरण मोजलं जात नाही. या मुलाची आजी काही महिन्यांपूर्वीच गेली होती. मैत्रिणीने दुकानातूनच जावेला फोन लावला. मी तिच्याकडून दोनच वाक्यं बोलून घेतली: “वहिनी, गेम सोळाचा आहे, माणसांची मारामारी आहे, आणि शेवटी त्याची काकू जाते. चालेल का?” पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, “आत्ता नको गं. दुसरं काही बघ ना.”

दुसरं काही म्हणजे सुपरहिरोच न देणं असं नाही. ‘लेगो मार्व्हल सुपर हीरोज २’ वर पेगी ७ आहे, अमेरिकेत ई-टेन-प्लस. स्पायडरमॅन त्यातही आहे. शत्रू लेगोच्या तुकड्यांत विखुरतात, आणि एकाच टीव्हीवर दोघांना मिळून खेळता येतं. डिस्क पीएस४ची, पण त्यांच्या पीएस५वर चालणारी. ‘ॲस्ट्रो बॉट’ हाही ७चा, पण तो फक्त पीएस५साठी. धाकट्या बहिणीबरोबर खेळता यावं म्हणून लेगोवाला घेतला. मुलाने मागितलेलं पात्र त्याला मिळालं, आणि आईला पाहुण्यांसमोर नाही म्हणावं लागलं नाही.

हिरवा ३ आणि तरीही पैशाचा प्रश्न

सर्वांत निर्धास्तपणे घेतला जाणारा गेम म्हणजे फुटबॉलचा ‘ईए स्पोर्ट्स एफसी’, पूर्वीचा फिफा. पुढे हिरव्या चौकोनात ३. मागे खरेदीचं चिन्ह, आणि त्यासोबत गेममध्ये पैसे देऊन मिळणाऱ्या यादृच्छिक वस्तू आहेत असा इंग्रजी मजकूर. हा मजकूर कुणी वाचत नाही.

त्याचा अर्थ असा. गेममधल्या अल्टिमेट टीम या प्रकारात खेळाडूंची बंद पाकिटं मिळतात. ती खेळून जमवलेल्या नाण्यांनी घेता येतात आणि खऱ्या पैशानेही. पाकिटात कोण निघेल हे उघडल्यावरच कळतं. हवा तो खेळाडू निघाला नाही की अजून एक पाकीट घ्यावंसं वाटतं. युरोपच्या आकड्याने इथे फक्त दिसणारा आशय मोजला, म्हणून ३. जर्मनीची संस्था यूएसके हिने २०२३ साली ‘एफसी २४’ला १२ दिलं, आणि कारणांत ही यादृच्छिक खरेदी व खेळण्याचा दबाव होता. मला जर्मनांचं पटतं. गेम वाईट नाही, मीही खेळते. पण दहा वर्षांच्या मुलाला देताना आईवडिलांना हे पाकिटांचं प्रकरण सांगितल्याशिवाय देऊ नये.

सांगताना उपायही सांगा. प्लेस्टेशनवर पालकांच्या खात्याखाली मुलाचं वेगळं खातं काढता येतं. फॅमिली मॅनेजमेंट या भागात त्याची महिन्याच्या खर्चाची मर्यादा ठरवता येते, शून्यावरही ठेवता येते. घरात सगळे वडिलांच्याच खात्यावर खेळत असतील आणि त्याला कार्ड जोडलेलं असेल, तर या मर्यादेचा उपयोग नाही. पैसे अडकण्याची बहुतेक प्रकरणं इथेच घडतात.

वयाची पातळीही तिथेच लावलेली असते. ती लावलेली असेल आणि तुम्ही तिच्या वरचा गेम दिलात तर डिस्क घातल्यावर गेम उघडणार नाही, पालकांची परवानगी मागेल. वाढदिवसाच्या दिवशी हे घडलं की मुलाला वाटतं डिस्क खराब आहे.

लेबलाने न मोजलेली दुसरी गोष्ट म्हणजे ऑनलाइन खेळताना समोरचा माणूस काय बोलतो. ईएसआरबीच्या डब्यावर अशा गेमसाठी ‘यूजर्स इंटरॅक्ट’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की अनोळखी लोकांशी संपर्क होऊ शकतो आणि त्यांच्या तोंडी काय येईल याचं रेटिंग कुणी केलेलं नाही. पेगीच्या चिन्हांत हे कळेलच असं नाही. डब्यावर ऑनलाइन खेळाची जाहिरात असेल तर गप्पा बंद करण्याची सोयही त्याच फॅमिली मॅनेजमेंटमध्ये आहे, हे आईवडिलांना सांगा.

ऑनलाइन मागवताना, जुनी डिस्क घेताना, फोनवर

खरेदीच्या साइटवर ‘शिफारस केलेलं वय’ असा रकाना असतो. तो विक्रेत्याने भरलेला असू शकतो आणि खेळण्यांच्या हिशेबाने असतो, त्याला रेटिंग समजू नका. फोटो मोठा करून डब्यावरचा चौकोन बघा. फोटोतला डबा एका देशाचा आणि घरी आलेला दुसऱ्या देशाचा, असंही होतं. म्हणून पार्सल आल्यावर, वेष्टन घालायच्या आधी लेबल पुन्हा बघा.

वापरलेली डिस्क घेत असाल तर डब्यातला कागद आणि आतली डिस्क एकाच गेमची आहे का ते पाहा. कागद हरवलेल्या डिस्का दुसऱ्याच डब्यात घालून विकल्या जातात. बहुतेक डिस्कवरही रेटिंग छापलेलं असतं, तिथे खात्री करता येते.

फोनवरच्या गेमसाठी गूगल प्लेवर ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं रेटिंग दिसतं. ते आयएआरसी या पद्धतीतून येतं. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्याच्या उत्तरांवरून रेटिंग आपोआप ठरतं. डब्यातल्या गेमइतकी आधीची तपासणी त्यामागे नसते, म्हणून फोनवरचा गेम स्वतः थोडा खेळून मगच सुचवा. ॲपलची पायरी वेगळी आहे, दोन फोनवर आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारा की सील न फोडता किती दिवसांत बदलून मिळेल, आणि ते बिलावर लिहून घ्या. सील फुटलेली डिस्क बरीच दुकानं परत घेत नाहीत. बिल मुलाच्या पाकिटात घालू नका, त्याच्या आईकडे द्या. सोबत आकडा, चिन्हं आणि ऑनलाइन खरेदी आहे की नाही, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. सील त्या मेसेजला उत्तर आल्यावर फोडायचं, हेही त्यातच लिहा.